तीन गुणांचं भागीदारीपत्र

एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला ड्राफ्टिंगचा पेपर असतो, पण तो तीन तास बसून लिहायचा पेपर नाही. पंधरा मसुदे कोर्टाच्या कामाचे, पंधरा मसुदे दस्तांचे, सगळे स्वतःच्या हातानं जर्नलमध्ये लिहायचे. प्रत्येकाला तीन गुण, आणि उरलेले दहा तोंडी परीक्षेचे. भागीदारीपत्र या दस्तांच्या पंधरात येतं. मी ते वरच्या वर्षातल्या एका मुलीच्या जर्नलवरून उतरवलं होतं. अ, ब आणि क हे तीन मित्र, प्रत्येकी एक लाख भांडवल, प्रत्येकी एक तृतीयांश नफा. अक्षर सुंदर होतं.

आमचे ड्राफ्टिंगचे सर सकाळी शिकवायचे आणि दिवसभर कोर्टात असायचे. त्यांनी पान उलटून पाहिलं आणि लाल शाईनं समासात एवढंच लिहिलं : "हे लिहिलं नसतं तर काय वेगळं झालं असतं?"

मला प्रश्नच कळला नाही. घरी येऊन भागीदारी अधिनियम, १९३२ उघडला आणि कलम १३ वाचलं. भागीदारांनी आपसांत वेगळं काही ठरवलं नसेल, तर नफातोटा समान वाटायचा, कामाबद्दल कुणालाही मोबदला नाही, भांडवलावर व्याज नाही. म्हणजे माझ्या सुबक अक्षरातल्या नफावाटपाच्या अटीनं कायद्यात एका अक्षराचाही फरक पडत नव्हता. कायदा जे न सांगता देतोच, तेच मी लिहून ठेवलं होतं.

त्याच आठवड्यात, २०२३ च्या ऑगस्टमध्ये, शाळेतले तिघे मित्र घरी आले. लाकडी घाण्याचं तेल काढायचं त्यांचं ठरलं होतं. शेंगदाणा आणि करडई, पुढे जमलं तर तीळ. सांगलीत एकाच्या वडिलांचं शेड रिकामं होतं. "तू वकील होणारच आहेस, आमचं भागीदारीचं तेवढं बघ," म्हणाले. फी म्हणून चहा सांगितला. मी सरांना विचारलं, तर ते म्हणाले, "मसुदा तू कर, तपासून मी देतो. आणि जर्नलमध्ये हाच लिही. अ-ब-क फाड."

त्या तिघांची नावं इथे लिहीत नाही. दस्तात होते तसे क्रमांकच ठेवते. क्रमांक एक कुपवाड एमआयडीसीत नोकरी करतो, तो तीन लाख घालणार होता, काम मात्र रविवारपुरतं. क्रमांक दोन बी.कॉम. झालेली, दोन लाख घालणार आणि संध्याकाळी हिशेब बघणार. क्रमांक तीनकडे एकच लाख होता, पण घाण्यावर दिवसभर उभा राहणारा तोच. शेड त्याच्या वडिलांचं.

"वाटणी कशी?" मी विचारलं.

"समान. मैत्रीत काय मोजायचं?" हे क्रमांक एक म्हणाला. सगळ्यांत जास्त पैसे त्याचे, म्हणून ते ऐकायला बरंही वाटलं.

मी वहीत एक काल्पनिक वर्ष मांडलं. समजा, खर्च जाऊन २,४०,००० रुपये राहिले. समान वाटले तर प्रत्येकी ८०,०००. क्रमांक तीन गप्प झाला. वर्षभर तेलात हात घालून त्याला महिन्याला सात हजारही पडत नव्हते, आणि रविवारी येणाऱ्यालाही तेवढेच मिळणार होते. मग दुसरी मांडणी केली. भांडवलावर १२ टक्के व्याज : ३६,०००, २४,००० आणि १२,०००, मिळून ७२,०००. क्रमांक तीनला महिना १०,००० मोबदला, म्हणजे १,२०,०००. उरले ४८,०००, प्रत्येकी १६,०००. आता क्रमांक एकला एकूण ५२,००० आणि क्रमांक तीनला १,४८,०००. आता क्रमांक एक गप्प झाला.

अर्धा तास कुणी कुणाकडे बघत नव्हतं. माझ्या आईनं दुसऱ्यांदा चहा ठेवला. शेवटी मोबदला ७,००० वर आला. वर्षाचे ८४,०००, व्याजाचे ७२,०००, राहिले ८४,०००, प्रत्येकी २८,०००. एकला ६४,०००, दोनला ५२,०००, तीनला १,२४,०००. तिघांचीही थोडी कुरकुर राहिली, म्हणून मला वाटलं की हा आकडा बहुधा बरोबर असावा.

तोटा झाला तर काय, हे त्यांनी विचारलं नव्हतं, मीही विसरले होते. सरांनी ते पहिल्या वाचनात पकडलं. दस्तात फक्त 'नफा' लिहून तोट्याबद्दल मौन ठेवणं ही जर्नलमधली नेहमीची चूक, असं ते म्हणाले. नफ्याचं प्रमाण लिहिलं आणि तोट्याचं राहिलं, तर वाद तिथेच सुरू होतो. शिवाय कलम १३ प्रमाणे भांडवलावरचं व्याज नफा असेल तरच द्यायचं असतं, मोबदल्याचं तसं नाही. म्हणून आम्ही स्पष्ट लिहिलं : तोटा समान, तोट्याच्या वर्षी व्याज नाही, मोबदला मात्र चालू राहील, कारण क्रमांक तीनचं घर त्यावर आहे.

आता १२ टक्केच का? आयकर कायदा भागीदाराच्या भांडवलावरचं व्याज फर्मचा खर्च म्हणून १२ टक्क्यांपर्यंतच मान्य करतो, तेही भागीदारीपत्रात लिहिलेलं असेल तर. मोबदला फक्त प्रत्यक्ष काम करणाऱ्या भागीदाराचा मान्य होतो, आणि तो किती किंवा कोणत्या हिशेबानं, हे दस्तातच असावं लागतं. माझ्या पहिल्या मसुद्यात होतं, 'मोबदला भागीदार परस्पर संमतीने वेळोवेळी ठरवतील.' मला ते फार भारदस्त वाटलं होतं. सरांनी त्यावर काट मारली. असं मोघम लिहिलं की मोबदला खर्चात धरला जात नाही आणि फर्मला त्यावर कर बसतो. आकडा लिही, किंवा आकडा काढायची रीत लिही. 'वेळोवेळी' हा शब्द मी नंतर सबंध मसुद्यात शोधून काढला, सात ठिकाणी होता.

यानंतर क्रमांक एकनं एक अट स्वतः लिहून आणली : 'भागीदार क्रमांक १ यांची जबाबदारी त्यांच्या भांडवलापुरती मर्यादित राहील.' त्याचा विचार साधा होता. पैसे माझे, काम त्यांचं. दाण्याच्या व्यापाऱ्याचं देणं अंगावर आलं तर तीन लाख बुडाले असं धरीन, घर का देऊ? पण कलम २५ नुसार फर्मच्या प्रत्येक देण्याला प्रत्येक भागीदार एकत्रित आणि वेगवेगळाही जबाबदार असतो. व्यापारी सगळं देणं एकट्या क्रमांक एककडून वसूल करू शकतो, कारण पगार त्याचा आहे आणि पत्ता पक्का आहे. तिघांनी आपसांत काहीही लिहिलं तरी व्यापाऱ्याला ते बांधत नाही. आपसांत लिहिता येतं ते एवढंच, की एकानं जास्त भरलं तर बाकीच्यांनी त्याला त्यांचा वाटा परत द्यायचा.

"मग मर्यादित कशात असते?" त्यानं विचारलं.

एलएलपीत, म्हणजे २००८ च्या मर्यादित दायित्व भागीदारी कायद्याखाली. तो वेगळा सांगाडा, त्याची नोंदणी आणि दरवर्षीची विवरणपत्रं वेगळी. तिघांनी एक रात्र विचार केला आणि साध्या भागीदारीवरच आले. पण त्या रात्रीमुळे उधारीची अट जन्मली. तिघांच्या लेखी संमतीशिवाय ५०,००० रुपयांवर उधार खरेदी नाही आणि कर्ज नाही. बँकेच्या खात्यावर तिघांपैकी दोघांच्या सह्या. अशी बंधनं माहीत नसलेल्या बाहेरच्या माणसाला अडवत नाहीत, हे मी त्याला सांगितलं. दाण्याच्या दोन मोठ्या व्यापाऱ्यांना पत्रानं कळवायचं, असं त्यानंच सुचवलं. मला ते सुचलं नव्हतं. जाता जाता मी त्याला नोकरीचं नेमणूकपत्र वाचायला लावलं. दुसरा व्यवसाय करायचा तर कंपनीची परवानगी घ्यावी, असं त्यात होतं. ती घ्यायला तीन आठवडे गेले आणि तेवढे दिवस सगळं थांबलं.

मुदतीची अट माझ्या उतरवलेल्या मसुद्यात नव्हतीच. मुदत किंवा शेवट कसा हे न लिहिलेली भागीदारी ही कायद्याच्या भाषेत इच्छाधीन भागीदारी, आणि ती कोणाही एकाच्या लेखी नोटिशीनं विसर्जित होते. फर्म घाण्यासाठी कर्ज काढणार होती. हप्ते चालू असताना एखाद्याचं डोकं फिरलं आणि त्यानं बाकी दोघांना चार ओळी लिहून धाडल्या, तर फर्म संपली. म्हणून पाच वर्षांची मुदत लिहिली. मध्येच बाहेर पडायचं असेल तर सहा महिन्यांची लेखी नोटीस, त्या दिवशीचा ताळेबंद, आणि त्याची रक्कम बारा मासिक हप्त्यांत ९ टक्के व्याजानं. ही शेवटची ओळ नसती तर कलम ३७ आलं असतं. हिशेब न मिटवता उरलेल्यांनी धंदा चालू ठेवला, तर गेलेला माणूस त्याच्या वाट्याच्या पैशांनी झालेला नफा मागू शकतो किंवा ६ टक्के व्याज, यांतलं जे त्याला परवडेल ते.

मृत्यूचा विषय काढायला मला संकोच वाटत होता. तिघंही तिशीच्या आतले. पण कलम ४२ प्रमाणे वेगळा करार नसेल तर भागीदाराच्या मृत्यूनं फर्म विसर्जित होते, आणि तोंडी परीक्षेत हे हमखास विचारतात, असं सरांनी बजावलं होतं. मी लिहिलं, 'मृत भागीदाराच्या जागी त्याचे वारस भागीदार होतील.' त्यावर क्रमांक तीन म्हणाला, "मग माझ्या पोराचं नाव आताच घाल." पोरगा चार वर्षांचा.

इथे मी अडकले. अज्ञान मुलगा भागीदार होऊ शकत नाही. कलम ३० प्रमाणे सर्व भागीदारांची संमती असेल तर त्याला फक्त फर्मच्या लाभात सामील करून घेता येतं. तोट्यात त्याचा फर्ममधला हिस्सा जाईल, पण तो स्वतः देणेकरी होत नाही. सज्ञान झाल्यावर, किंवा आपण लाभात सामील आहोत हे कळल्यावर, यांतलं जे नंतर होईल त्यापासून सहा महिन्यांत त्यानं भागीदार व्हायचं की नाही ते जाहीर सूचनेनं सांगायचं. गप्प राहिला तर भागीदार झाला असं धरतात. हे सगळं सांगितल्यावर क्रमांक तीननं विचारलं, "म्हणजे अठराव्या वर्षी तो विसरला, तर माझ्या घाण्याचं कर्ज त्याच्या डोक्यावर?" होय, आणि नुसतं पुढचं नाही, लाभात सामील झाल्या दिवसापासूनचं. त्यानं नाव मागे घेतलं.

वारसांची अटही सरांनी बदलली. वारसाला भागीदारी लादता येत नाही आणि उरलेल्यांनाही अनोळखी वारस लादून घ्यायचा नसतो. आता अट अशी : मृत्यूनं फर्म विसर्जित होणार नाही, उरलेले दोघे ती चालवतील, वारसांना हिस्सा हप्त्यांनी मिळेल, वारस आणि उरलेले भागीदार दोघांचीही इच्छा असेल तर वारस भागीदार होऊ शकेल. समासात सरांचा आणखी एक प्रश्न होता : "आणि दोघांतला एक गेला तर?" तर कोणतीही अट उपयोगाची नाही. एकट्या माणसाची फर्म नसते.

बाकीच्या अटी पटपट झाल्या. हिशेबाचं वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च, वह्या शेडमध्ये आणि तिघांनाही कधीही पाहायला खुल्या. शेड फर्मची मालमत्ता नाही, महिना ४,००० भाड्यानं घेतलेलं, हे मुद्दाम लिहिलं. नाहीतर पुढे ते भांडवलात आलं की नाही यावर वडील आणि मुलगा दोघंही अडकले असते. तेलाचं नाव आणि लेबल मात्र फर्मचं. ते चित्र क्रमांक दोनच्या बहिणीनं काढलेलं होतं, तिच्याकडूनही कागद घेतला. हकालपट्टीची अट तिघांनाही नको होती. पण ती दस्तात नसेल तर दोघं मिळून तिसऱ्याला काढू शकत नाहीत, आणि असली तरी अधिकार सद्भावनेनं वापरावा लागतो. आम्ही ती अपहार आणि सलग तीन महिने गैरहजेरी एवढ्या दोनच कारणांपुरती ठेवली, लेखी खुलासा मागितल्यावरच. वाद झाला तर एकच लवाद, तिघांच्या संमतीनं.

मग मुद्रांक. महाराष्ट्रात भागीदारीपत्राला भांडवल ५०,००० च्या वर गेलं की एक टक्का शुल्क पडतं. सहा लाखांचे सहा हजार. क्रमांक दोननं लगेच हिशेब केला : भांडवल पन्नास हजार दाखवू, पाचशेत काम होईल, बाकीचे आम्ही फर्मला उसने दिले असं धरू. बी.कॉम.चं डोकं. पण मग वरच्या साऱ्या मांडणीतलं व्याज कोसळतं, कारण भांडवलाबाहेरच्या रकमेला दस्तात काही नसेल तर ६ टक्के. आणि कमी मुद्रांकाचा दस्त कोर्टात पुरावा म्हणून वाचता येत नाही, उणीव आणि दंड भरेपर्यंत. सहा हजारच भरले. शेड भाड्यानं घेतल्याचा फायदा इथेही झाला; जागा भांडवल म्हणून आणली असती तर तिच्यावर खरेदीखतासारखं शुल्क लागलं असतं.

दस्ताचं रूप मात्र जर्नलच्या मसुद्यातलंच ठेवलं, आणि गुणांचा भाग इथे असतो. वर दस्ताचं नाव, मग तारीख आणि गाव. पक्षकारांचं पूर्ण वर्णन : नाव, वय, धंदा, कायमचा पत्ता. मग 'ज्याअर्थी' नं सुरू होणारी पूर्वपीठिका, मग 'त्याअर्थी' च्या पुढे अटी, शेवटी सह्या आणि दोन साक्षीदार. अनेकांच्या जर्नलमध्ये पूर्वपीठिकेतच भांडवल आणि वाटणी येऊन जाते. ती अटींत हवी, कारण पूर्वपीठिका पार्श्वभूमी सांगते, बांधत नाही. 'राजीखुशीने, अक्कलहुशारीने, नशापाणी न करता' हे शेवटचं वाक्य मी गाळलं होतं. सरांनी परत घातलं. "कायद्याला नको असेल, पण साक्षीदाराला वाचून दाखवताना ते ऐकू आलं की माणूस नीट सही करतो."

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी जर्नल उघडलं ते नेमकं भागीदारीपत्रावर. नफा कसा वाटला विचारलं, मी ७,००० ची गोष्ट सांगितली, ते हसले. मग : "हे पत्र नोंदवलं नाही तर बेकायदेशीर ठरेल?" नाही, मी म्हटलं, फर्म वैध असते, पण कलम ६९ प्रमाणे ती करारातल्या हक्कासाठी बाहेरच्यावर दावा लावू शकत नाही, आणि बाहेरचा मात्र तिच्यावर लावू शकतो. "कितीही रकमेचा?" शंभर रुपयांपर्यंतच्या काही दाव्यांना सूट आहे, हे मला आठवलं, पण अडखळत. "आणि नोंदणी दस्ताची होते की फर्मची?" फर्मची, हे मला ठाऊक होतं, कारण आदल्याच महिन्यात आमचा अर्ज परत आला होता.

त्याचं कारण मीच. दस्तावर सह्या १६ ऑक्टोबरला झाल्या, पण धंदा १ ऑक्टोबरपासून सुरू, असं अटीत लिहिलं होतं. भागीदारी संस्था निबंधकांकडच्या अर्जात प्रत्येक भागीदार फर्ममध्ये कोणत्या तारखेला आला ते लिहायचं असतं, तिथे मी १६ लिहिलं. फर्मचं नाव, मुख्य ठिकाण, पूर्ण नावं आणि कायमचे पत्ते, मुदत, सगळं दस्ताशी जुळत होतं, ही एकच तारीख सोडून. पुन्हा अर्ज, पुन्हा तिघांच्या सह्या, क्रमांक एकची आणखी एक रजा.

पुढच्या मार्चमध्ये क्रमांक तीनचा फोन आला. करडई चांगली चालली होती, तिघांनी बसून त्याचा मोबदला ९,००० केला होता, एप्रिलपासून. "आमचं ठरलंय, लिहायची काय गरज?" गरज होती, आणि ती एप्रिल उजाडायच्या आत होती. मी दोन पानांचं पुरवणी भागीदारीपत्र केलं : मूळ दस्ताची तारीख, बदललेली अट, नवा आकडा, लागू होण्याची तारीख, बाकी सर्व अटी पूर्ववत. या वेळी १ एप्रिल सगळीकडे सारखीच आहे ना, हे मी तीनदा पाहिलं. 'वेळोवेळी' कुठेही नव्हतं.